टवटवीत झाड अचानक माना टाकतं तेव्हा: कुंडीतली हुमणी कशी शोधायची, कशी काढायची

सोलापुरात गच्चीवर बाग करणाऱ्याला झाड कोमेजणं नवीन नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन वाजता जास्वंदसुद्धा माना टाकते आणि संध्याकाळी पाणी मिळालं की पुन्हा ताठ होते. पण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, हवा ढगाळ असताना आणि माती ओली असताना, कालपर्यंत कळ्या धरलेलं झाड एकाएकी लोंबकळायला लागलं, तर कारण उन्हात शोधू नका. ते बहुतेक वेळा मातीखाली असतं आणि त्याचं नाव असतं हुमणी.

हुमणी म्हटलं की आपल्या जिल्ह्यात ऊस आठवतो. माझे मामा मोहोळकडे शेती करतात. ते म्हणतात, "अगं, हुमणी लागलेला ऊस उपटावा लागत नाही, नुसता धरला तरी हातात येतो." कुंडीतही तेच होतं, फक्त फार लवकर होतं. शेतात मुळं लांबवर पसरलेली असतात, चार मुळं गेली तरी झाड तग धरतं. बारा इंची कुंडीत मुळांना पळायला जागाच नसते. तीन-चार मोठ्या अळ्या तिथली सगळी बारीक मुळं फस्त करू शकतात, आणि पानांवर काही दिसेपर्यंत बहुतेक काम उरकलेलं असतं.

म्हणून हा लेख औषधांच्या यादीपासून सुरू होत नाही. झाड माना टाकल्यावर मातीत काही ओतून ते वाचत नाही. कुंडी पालथी करून अळ्या हातानं काढल्या तरच वाचण्याची शक्यता असते, आणि हे काम त्याच दिवशी करावं लागतं.

आधी हे जवळ घेऊन बसा

- जुनी प्लॅस्टिकची ताडपत्री किंवा फाडून उघडलेलं सिमेंटचं पोतं
- खुरपं आणि हातमोजे
- अर्धी बादली साबणाचं पाणी (अळ्या टाकायला) आणि एक बादली साधं पाणी (मुळं धुवायला)
- धारदार सिकेटर किंवा कात्री
- रेती चाळायची जाळी
- नवी माती: दोन भाग तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भिजवलेलं कोकोपीट
- आधीच्यापेक्षा थोडी लहान, तळाला भोकं असलेली कुंडी

## 1. पाणी घालायच्या आधी बोट घाला

झाड कोमेजलं की हात आपोआप पाण्याच्या मगाकडे जातो. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे "मधे पाणी कमी पडलं असेल" हा विचारही लगेच पटतो. तरी थांबा. बोट दोन पेरं मातीत घाला. माती कोरडी असेल तर पाणी द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. माती ओलसर असेल आणि झाड तरी मलूल असेल, तर वर पाणी ओतणं घातक आहे. मुळं खाल्ली गेल्यानं झाड पाणी ओढत नाही, माती दलदलीसारखी होते आणि उरलेली मुळं कुजतात. मग मुळांचं दुखणं एकाऐवजी दोन होतं आणि खरं कारण ओळखूही येत नाही.

झाडाकडे बघायची खरी वेळ सकाळी सहा-साडेसहाची. उन्हानं कोमेजलेलं झाड रात्रभरात सावरतं. मुळं गमावलेलं झाड सकाळीही तसंच लोंबतं.

## 2. बुंधा हलवून बघा

बुंधा मातीलगत दोन बोटांत धरा आणि हळूच डावीकडे-उजवीकडे हलवा. निरोगी झाडाबरोबर कुंडीतली माती हलल्यासारखी वाटते, कारण मुळांनी ती धरून ठेवलेली असते. हुमणी लागलेलं झाड मातीत नुसतं खोचून ठेवल्यासारखं डुलतं. वर हलकासा ताण दिला तर अलगद उचललं जातं.

आमच्या शेजारच्या वहिनींचा गुलाब असाच होता. बारा इंची कुंडी, तीन वर्षांचं झाड, सप्टेंबरचा पहिला आठवडा. त्यांनी मला हाक मारली ती चिडूनच: "अहो, परवाच तर दोन फुलं काढली गणपतीला! आज बघा, पानं कशी चिंधीसारखी झालीत." पानं हिरवीच होती. पिवळी नव्हती, डाग नव्हते, पानाखाली मावा किंवा कोळी नव्हता. माती ओली होती, कारण वहिनींनी सकाळपासून दोनदा पाणी घातलं होतं. बुंधा हलवला तर तो पार कलंडला. एवढ्यावर कुंडी पालथी करायचं ठरलं.

हिरवं पान आणि ढिला बुंधा ही जोडी लक्षात ठेवा. पानं आधी पिवळी पडून हळूहळू गळत असतील तर मुळकूज जास्त संभवते. तशी मुळं तपकिरी, लिबलिबीत असतात आणि मातीला कुबट वास येतो. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमींचं काम. बुंध्यावर मातीचे पापुद्रे चढले असतील तर वाळवी. या तिघांचे उपाय निराळे आहेत, त्यात इथे शिरत नाही.

## 3. रोप आडवं पडलं असेल तर आधी कुरतडणारी अळी शोधा

मिरची, टोमॅटो, वांगी यांचं कोवळं रोप मातीलगत कापल्यासारखं आडवं पडलेलं दिसलं, तर ती हुमणी नव्हे, रोपं कुरतडणारी अळी आहे. पुष्कळ जण तिला कटवर्मच म्हणतात. ती करड्या-काळपट रंगाची, गुळगुळीत असते, दिवसा बुंध्याजवळच्या मातीत दडते आणि रात्री बाहेर येते. बुंध्याभोवतीची वरची इंच-दोन इंच माती बोटानं उकरली की ती वेटोळं करून पडलेली सापडते. नाहीच सापडली तर रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन जा.

तिला वेचून साबणाच्या पाण्यात टाका. उरलेल्या रोपांभोवती तळ कापलेला कागदी पेला इंचभर मातीत दाबून बसवा. रोपाचा बुंधा पेन्सिलीएवढा जाड झाला की हा धोका बराच कमी होतो. पडलेलं रोप मात्र गेलं असं समजा आणि नवीन लावा.

## 4. कुंडी पालथी करा आणि अळ्या वेचा

हे काम सावलीत करा. उघडी पडलेली मुळं सोलापूरच्या उन्हात बघता बघता सुकतात.

ताडपत्री पसरा. कुंडीच्या कडेनं खुरपं फिरवून माती सुटी करा, कुंडी आडवी करा आणि झाड बुंध्याला धरून बाहेर काढा. ओढू नका, कुंडीला बाहेरून थापट्या मारल्या की गड्डा सुटतो. आता माती मूठमूठ चुरत जा. अळ्या बऱ्याचदा मुळांच्या गड्ड्यात किंवा कुंडीच्या तळाशी, ओल टिकते तिथे असतात.

मोठी हुमणी करंगळीएवढी जाड, दुधट पांढरी, चंद्रकोरीसारखी वाकलेली असते. डोकं तांबूस-तपकिरी, पुढच्या भागाला सहा पाय, आणि शेपटीकडचा भाग आत साठलेल्या मातीमुळे निळसर-काळपट दिसतो. लहान अळी तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडीच मोठी असते आणि मातीत सहज निसटते. म्हणून मोठ्या अळ्या वेचून झाल्या की सगळी माती जाळीतून चाळाच.

वहिनींच्या गुलाबात चार मोठ्या अळ्या निघाल्या. चाळताना आणखी एक. मुळांचं जाळं असायला हवं होतं तिथे पेन्सिलीएवढी तीन जाड मुळं होती, आणि त्यांच्याही साली जागोजागी ओरबाडलेल्या. पांढरी बारीक मुळं एका बाजूला बोटभर लांबीची शिल्लक होती. तेवढीच आशा.

## 5. सापडलेली प्रत्येक पांढरी अळी शत्रू नसते

या पायरीवर नवी मंडळी हमखास चुकतात. शेणखतात आणि कंपोस्टमध्ये हुमणीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्याही असतात. त्यातल्या काही फक्त कुजका पालापाचोळा खातात आणि खत बारीक करून देतात.

ओळखायची सोपी रीत अशी: अळी गुळगुळीत फरशीवर किंवा ताटलीत ठेवा आणि थोडा वेळ बघा. ती पाठीवर उलटी होऊन, पाय आकाशाकडे करून सरळ रेषेत सरपटत निघाली, तर ती कुजकं खाणारी आहे. तिला कंपोस्टच्या ड्रममध्ये परत सोडा. ती कुशीवर वाकडी पडून राहिली किंवा पायांनी धडपडत सरकली, तर तिला हुमणीच समजून साबणाच्या पाण्यात टाका. ही परीक्षा अळी ताजी आणि धडधाकट असतानाच करा, खुरप्यानं दुखावलेली अळी नीट चालत नाही.

दुसरा पुरावा मुळांचा. अळ्या सापडल्या पण मुळं पांढरी, भरगच्च आहेत, तर झाड कोमेजण्याचं कारण वेगळं आहे.

## 6. झाड वाचणार का, हे मुळं बघून ठरवा

मुळं साध्या पाण्यात हलक्या हातानं बुचकळा, म्हणजे चिकटलेल्या मातीतल्या बारीक अळ्याही सुटतात. मग बुंध्याचा मातीखालचा भाग नीट तपासा. बुंध्याची साल सगळ्या बाजूंनी गोल खाल्ली गेली असेल, तर झाड वाचत नाही. अशा वेळी वेळ न घालवता वरच्या निरोगी फांद्यांची कलमं करा. साल एका बाजूनं शाबूत असेल आणि थोडी जरी पांढरी मुळं असतील, तर प्रयत्न करण्यासारखा आहे.

कुजलेली, चिरफाळलेली मुळं सिकेटरनं स्वच्छ कापा. मग वरचा भाग छाटा, आणि इथे मन घट्ट करावं लागतं. जेवढी मुळं उरली आहेत तेवढ्याच पानांना ती पाणी पुरवू शकतात. निम्मी मुळं गेली असतील तर वरचा निम्मा पसारा जायलाच हवा. कळ्या आणि फुलं सगळी काढा. वहिनींच्या गुलाबाची मुळं निम्म्याहून जास्त गेली होती, म्हणून आम्ही तो वीतभर उंचीवर आणला आणि चार डोळे असलेल्या तीन फांद्या ठेवल्या. कापलेल्या फांद्यांतून पेन्सिलीएवढ्या जाडीची पाच कलमं वेगळी लावली, मूळ झाड दगावलं तरी वाण हातात राहावा म्हणून.

आता लहान कुंडीत, नव्या मातीत झाड लावा. मोठ्या कुंडीत थोड्या मुळांना झेपत नाही एवढी ओल साठते. माती बोटांनी घट्ट बसवा, एकदा पाणी द्या आणि कुंडी सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशा आडोशाला ठेवा. जिन्याखालची उजेडाची जागा किंवा हिरव्या जाळीखालचा कोपरा चालतो. पुढचं पाणी वरची माती सुकल्यावरच.

नवे कोंब येईपर्यंत कोणतंही खत घालू नका. युरिया, डीएपी तर नाहीच, निंबोळी पेंडही नाही. पेंड मातीत कुजताना गरम होते आणि जखमी मुळांना ते सोसत नाही. वहिनींच्या गुलाबाला तिसऱ्या आठवड्यात तांबूस कोंब फुटले. त्यानंतर मूठभर, म्हणजे साधारण 50 ग्रॅम निंबोळी पेंड वरच्या मातीत मिसळली. दिवाळीत फुलं नव्हती, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला पहिली कळी आली. कलमांपैकी दोन जगली.

## 7. जुन्या मातीचं आणि शेजारच्या कुंड्यांचं काय करायचं

जुनी माती फेकायची गरज नाही. चाळून झाल्यावर ती गच्चीवर दोन बोटं जाडीच्या थरात पसरा आणि दिवसातून एक-दोनदा खालीवर करा. लपून राहिलेल्या अळ्या उघड्या उन्हात मरतात, आणि साळुंक्या बाकीचं काम करतात. काही दिवस कडक ऊन मिळालं की माती पोत्यात भरून ठेवा.

एका कुंडीत हुमणी निघाली की आसपासच्या सगळ्या कुंड्यांचे बुंधे हलवून बघा. मादी भुंगेरा एकाच मातीत सगळी अंडी घालेल असं नसतं. ढिल्या वाटणाऱ्या कुंड्या त्याच दिवशी पालथ्या करा. घट्ट वाटणाऱ्या कुंड्यांना मेटारायझियमची आळवणी करता येते.

मेटारायझियम ही अळीला रोग लावणारी बुरशी आहे. पावडर किंवा द्रवरूपात कृषी सेवा केंद्रात मिळते, मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करता येईल. प्रमाण पाकिटावरचंच पाळा. बारा इंची कुंडीला तयार केलेलं साधारण लिटरभर द्रावण पुरतं. तीन गोष्टी सांभाळल्या नाहीत तर पैसे पाण्यात जातात. पाकिटावरची मुदत बघा, कारण आत जिवंत बुरशी आहे आणि दुकानात उन्हात पडलेलं पाकीट निकामी झालेलं असू शकतं. आळवणी संध्याकाळी, ओलसर मातीत करा आणि नंतर काही दिवस ओल टिकवा. आणि त्याच कुंडीत त्या काळात कोणतंही बुरशीनाशक घालू नका, ते या बुरशीलाही मारतं.

तिची मर्यादाही समजून घ्या. ती लहान अळ्यांवर चांगली चालते, करंगळीएवढ्या अळीवर कमी. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून ती शेजारच्या कुंड्यांसाठी आहे, आज माना टाकलेल्या झाडासाठी नाही.

## 8. हे मुळीच करू नका

रॉकेल, फिनेल, मिठाचं पाणी कुंडीत ओतू नका. अळी मरो न मरो, मुळं नक्की जळतात.

गावाकडून आणलेलं फोरेट, म्हणजे लोकांच्या बोलण्यातलं 'थिमेट', कुंडीत टाकू नका. ते अत्यंत विषारी आहे आणि भारतात 31 डिसेंबर 2020 पासून त्यावर बंदी आहे. तरी जुन्या पिशव्या गोठ्याच्या कोनाड्यात पडून असतात आणि "चिमूटभर टाक, काही होत नाही" असं सांगणारे भेटतात. गच्चीवर मुलं खेळतात, त्याच हातानं आपण कढीपत्ता तोडतो.

दुकानदार उसासाठीचं फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिडचं मिश्र औषध पुढे करील. ते उसातल्या हुमणीसाठी आहे, एकरी प्रमाणात वापरायचं. कुंडीत त्याचं नेमकं प्रमाण घरच्या घरी मोजणं अवघड आहे. इमिडाक्लोप्रिड मुळांतून झाडभर, फुलांतसुद्धा पोचतं आणि मधमाश्यांना मारतं. तुळस, पुदिना, कढीपत्ता, मिरची यांच्या कुंडीत तर ते जाताच कामा नये. चार अळ्या हातानं निघत असताना त्याची गरजही नाही.

## 9. पुढच्या वळवाच्या आधी

हुमणीचं चक्र वर्षाचं आहे आणि ते आपल्या पावसाशी बांधलेलं आहे. मे-जूनमध्ये वळवाचा पहिला चांगला पाऊस पडला की मातीत दबून बसलेले तपकिरी भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडतात. कडुनिंब आणि बाभळीवर जमून पाला खातात, तिथेच मीलन होतं, आणि पहाटेपूर्वी मातीत परततात. मादी भुसभुशीत, ओलसर मातीत अंडी घालते. गच्चीवरची रोज पाणी मिळणारी, शेणखत घातलेली कुंडी तिला आयतीच सापडते. जून-जुलैमध्ये अळ्या बारीक असतात, ऑगस्ट ते ऑक्टोबर त्यांची भूक सर्वांत मोठी. त्यानंतर त्या कोषात जातात आणि खाणं थांबतं. कोषातून निघालेला भुंगेरा पुढच्या वळवापर्यंत त्याच मातीत शांत बसून राहतो. म्हणून डिसेंबरमध्ये झाड नीट दिसतंय, एवढ्यावरून कुंडी स्वच्छ आहे असं मानू नका.

यावरून कामांच्या वेळा ठरतात. एप्रिल-मेमध्ये, पाऊस यायच्या आधी, ज्या कुंड्यांची माती बदलायची आहे ती बदला आणि जुनी माती उन्हात तापवा. आपल्याकडे तेव्हा पारा चाळिशीच्या वर असतो, याहून चांगली भट्टी मिळणार नाही. गुलाबासारख्या झाडांची मुळं मात्र या दिवसांत उघडी करू नका, त्यांची माती थंडीच्या सुरुवातीला बदला.

वळवाच्या पहिल्या पावसानंतर तीन-चार आठवडे संध्याकाळी कुंड्यांच्या मातीवर जुनी मच्छरदाणी किंवा सुती ओढणी बुंध्याभोवती गुंडाळून कडेला दोरीनं बांधा. गच्चीवरचा दिवा बंद ठेवा, भुंगेरे उजेडाकडे येतात. गल्लीत कडुनिंब असेल तर पावसानंतर साडेसात ते नऊच्या दरम्यान खाली चादर पसरून हाताला येणाऱ्या फांद्या हलवा. पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात टाका. हे काम गल्लीतल्या चार घरांनी मिळून केलं तर फरक दिसतो, एकट्यानं केलं तर थोडाच.

मेटारायझियमची आळवणी करायचीच असेल तर ती जुलैमध्ये करा, अळ्या लहान आणि माती ओली असताना.

राहिलं शेणखत. अळ्या घरात येण्याचा दुसरा रस्ता हाच आहे. ट्रॉलीतून किंवा पोत्यातून आलेलं खत हातात घेऊन बघा. शेणाचा वास येत असेल, गोळे फुटत नसतील, आत हात घातल्यावर गरम लागत असेल, तर ते कुजलेलं नाही, परत पाठवा. चांगलं खत काळपट, भुरभुरीत असतं आणि त्याला पावसाच्या मातीसारखा वास येतो. तेही कुंडीत घालण्याआधी ताडपत्रीवर पातळ पसरून चाळा. चाळणीवर अंडी राहतीलच असं नाही, म्हणून चाळलेलं खत दोन-तीन दिवस उन्हात वाळवून मगच वापरा, आणि पावसाळ्यात आणलेलं खत असेल तर हे कधीच टाळू नका.